विश्लेषण : फोनवरचा ‘१’ शेतातली मोटर कशी सुरू करतो?

सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीच्या काठावर, उजनीच्या कालव्यालगत आणि विहिरींवर बसवलेल्या अनेक कृषिपंपांच्या पेटीत आता स्टार्टरशेजारी आणखी एक छोटा डबा दिसतो. त्यात एक सिमकार्ड असते. शेतकरी घरातून किंवा बाजार समितीतून त्या क्रमांकावर फोन लावतो, डबा फोन उचलतो आणि ‘मोटर चालू करण्यासाठी १ दाबा’ असे सांगतो. ‘१’ दाबला की काही क्षणांत मोटर सुरू होते. शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येत असल्याने या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. रात्री दोनला उठून, हातात बॅटरी घेऊन ऊस किंवा डाळिंबाच्या रानातून नदीपर्यंत जाणे त्यामुळे टळते.

पण या व्यवहारात एक जोखीमही आहे. एखादा कारागीर विहिरीत उतरून पाइप जोडत असताना डब्याने चुकून ‘१’ ऐकला, तर मोटर त्याच क्षणी फिरू लागेल. म्हणून दाबलेला आकडा फोनमधून कसा जातो आणि समोरचा डबा तो खात्रीने कसा ओळखतो, हे या यंत्रावर विसंबणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

आकड्याचा आवाज म्हणजे नेमके काय?

फोनचे बटण दाबल्यावर ऐकू येणारा ‘टूं’ हा एक सूर नाही, ते दोन सूर असतात. या पद्धतीला डीटीएमएफ म्हणतात, म्हणजे दोन सुरांच्या जोडीने आकडा सांगणे. कीपॅडच्या चार आडव्या ओळींना चार खालचे सूर दिलेले आहेत : ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. उभ्या रांगांना वरचे सूर आहेत : १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. चौथ्या उभ्या रांगेसाठी १६३३ हर्ट्झचा सूरही ठरलेला आहे, पण ती रांग घरगुती फोनवर नसते. ‘१’ हे बटण पहिल्या ओळीत आणि पहिल्या रांगेत आहे, म्हणून त्याचा आवाज ६९७ अधिक १२०९. ‘५’ म्हणजे ७७० अधिक १३३६, तर ‘०’ म्हणजे ९४१ अधिक १३३६.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६३ मध्ये ही पद्धत ग्राहकांसाठी सुरू केली. त्याआधीच्या चकतीच्या फोनमध्ये आकडा म्हणजे तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडणे. ‘०’ फिरवला की दहा खटके पडत आणि एक सेकंद जाई. आपल्याकडे नव्वदच्या दशकातल्या लँडलाइन फोनच्या पोटाला ‘टी’ आणि ‘पी’ असे लिहिलेले एक बारीक बटण असे, ते या दोन पद्धतींमधली निवड करण्यासाठी. खटके फक्त जवळच्या एक्स्चेंजपर्यंत पोहोचत आणि तिथेच संपत. सूर मात्र बोलण्याच्याच वाटेने जातात, त्यामुळे फोन लागल्यानंतरही ते पलीकडच्या टोकापर्यंत पोहोचतात. बँकेचे ‘मराठीसाठी २ दाबा’ आणि पंपाचा डबा, दोन्ही या एका गुणावर उभे आहेत.

दोनच सूर का, आणि हेच का?

बोलण्याच्या वाटेने आकडा पाठवायचा तर बोलणे आणि आकडा यांत घोटाळा होणार, हे उघड आहे. एकच सूर वापरला असता तर कोणाच्याही शिट्टीने काम बिघडले असते, कारण शिट्टी जवळजवळ एका सुराची असते. माणसाच्या आवाजाचे तसे नाही. त्यात एक मूळ सूर आणि त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे असे अनेक सूर एकत्र असतात. मूळ सूर २०० असेल तर ४००, ६००, ८००, १००० ही सगळी मंडळी सोबत येतात.

म्हणून हे आठ आकडे असे निवडले गेले की त्यांतला कोणताही दुसऱ्याच्या पटीत बसत नाही आणि कोणत्याही दोघांची बेरीज किंवा वजाबाकी नेमकी तिसऱ्याइतकी होत नाही. शेजारच्या दोन सुरांत साधारण २१ला १९ असे गुणोत्तर आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांशी ते जुळत नाही, हेही सोयीचेच. तरीही बोलताना क्षणभर ६९७ आणि १२०९ यांच्या आसपासचे सूर एकत्र येऊ शकतात, संगीतात तर अधिक सहज. आवाजाला आकडा समजण्याच्या या चुकीला तंत्रज्ञ ‘टॉक-ऑफ’ म्हणतात. ओळखणाऱ्या यंत्राची निम्मी हुशारी ती टाळण्यात खर्च होते.

डबा सूर ओळखतो कसा?

जुन्या बनावटीच्या डब्यांत ‘एमटी ८८७०’ नावाची चिप सापडते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी वापरलेली हीच ती चिप. ती आवाजाचे खालचा आणि वरचा असे दोन भाग पाडते, प्रत्येक भागात किती लाटा येतात ते मोजते आणि दोन्हीकडे मान्य सूर एकाच वेळी टिकून राहिला तरच आकडा जाहीर करते. गंमत म्हणजे ‘०’ हा आकडा ती १० म्हणून देते. नवख्या मेकॅनिकने जोडलेल्या डब्यात शून्य चालत नाही, याचे कारण अनेकदा एवढेच असते.

नव्या डब्यांत हे काम मोजणीच्या सूत्राने होते. फोनचा आवाज दर सेकंदाला ८००० वेळा मोजून आकड्यांत बदललेला असतो. त्यातले २०५ आकडे, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि आठ ठरलेल्या सुरांपैकी प्रत्येकाचा जोर त्यात किती आहे ते काढायचे. जेराल्ड गर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये मांडलेली रीत यासाठी वापरली जाते. सगळे सूर तपासण्याऐवजी हवे तेवढेच आठ तपासायचे असल्याने ती अगदी स्वस्त चिपलाही झेपते.

एक उदाहरण घेऊ. तुकड्यातला एकूण जोर १०० धरला. शेतकऱ्याने ‘१’ दाबला तेव्हा ६९७ वर ४६, १२०९ वर ३८ आणि बाकीच्या सहा सुरांवर मिळून ६ असा हिशेब आला. उरलेले १० म्हणजे इकडचा तिकडचा आवाज. दोन सुरांनीच ८४ भाग व्यापले, तेव्हा हा आकडाच. आता कोणी ‘हॅलो, कोण बोलतंय?’ म्हणाले. त्यातही ६९७ वर १४ आणि १२०९ वर ११ असे दोघे इतर सहांपेक्षा वर आले. पण त्यांची बेरीज २५च, उरलेला जोर इतरत्र विखुरलेला. हा आवाज आहे. जो डबा फक्त ‘आठांत सर्वांत मोठे दोन कोणते’ एवढेच पाहतो, तो इथे फसतो. चांगला डबा ‘एकूण आवाजात या दोघांचा वाटा किती’ हे पाहतो. शिवाय तो ६९७ची दुप्पट १३९४ आणि १२०९ची दुप्पट २४१८ यांवरही कान ठेवतो. बटणाच्या सुरात तिथे जवळजवळ काहीच नसते, माणसाच्या आवाजात असते.

दुसरी कसोटी दोन सुरांच्या तोलाची. लांब तांब्याच्या तारेत वरचा सूर खालच्यापेक्षा जास्त दुबळा होतो. म्हणून अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत वरचा सूर खालच्यापेक्षा ८ डेसिबलपर्यंत कमी चालतो, पण जास्त असेल तर ४ डेसिबलपर्यंतच. ८ डेसिबल म्हणजे जोरात साधारण सहापट फरक. वरच्या उदाहरणात ४६ आणि ३८ यांचा तोल उत्तम आहे. तोच आवाज खराब रेंजमधून येऊन ६० आणि ६ झाला तर फरक दहापट, म्हणजे १० डेसिबल. बटण खरेच दाबलेले असूनही डबा तो आकडा नाकारेल. शेतकरी म्हणेल, ‘डबा ऐकतच नाही.’

सुरातही थोडी सूट असते. ठरलेल्या सुरापासून दीड टक्का इकडे तिकडे झालेला सूर स्वीकारायचा आणि साडेतीन टक्के किंवा त्याहून जास्त ढळलेला नाकारायचा, अशी जुनी रीत आहे. मधल्या पट्ट्यात यंत्राने काय करावे, हे बनवणाऱ्यावर सोडलेले आहे.

किती वेळ ऐकायचे?

खरी ओढाताण इथे आहे. टेलिफोन एक्स्चेंजसाठीच्या नियमांत ४० मिलिसेकंदांचा आकडा ओळखलाच पाहिजे, असे धरले जाते, तर सुमारे २३ मिलिसेकंदांपेक्षा छोटा आवाज आकडा मानायचा नसतो. थोडा वेळ ऐकले की उत्तर लवकर मिळते, पण सूर धूसर दिसतात. २०५ ऐवजी १०२ मोजणींचा तुकडा घेतला, तर जवळजवळ ७८ हर्ट्झपेक्षा बारीक फरक नीट वेगळा दिसत नाही आणि ६९७ व ७७० मध्ये अंतर आहे ७३चे. तरीही ‘अ‍ॅस्टरिस्क’सारख्या, कॉल सेंटरमध्ये चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये १०२चाच तुकडा वापरलेला आहे. लागोपाठ दोन तुकड्यांत तोच आकडा दिसला तरच तो खरा मानायचा, अशी भरपाई तिथे केली जाते. ४० मिलिसेकंदांत २०५चे दोन पूर्ण तुकडे मावतच नाहीत, १०२चे मावतात.

पंपाच्या डब्याला ही घाई मुळीच नाही. एक्स्चेंजला यंत्राने भराभर दाबलेले दहा आकडे टिपायचे असतात. डब्याला माणसाच्या बोटाने दाबलेला एकच आकडा हवा असतो आणि बोट सहज पाव सेकंद दाबून धरता येते. म्हणून डब्याने लागोपाठ पाच-सहा तुकड्यांत तोच आकडा मागावा आणि आधी-नंतर थोडी शांतताही मागावी. आकडा एखाद्या वेळी नाकारला गेला तर शेतकऱ्याला पुन्हा बटण दाबावे लागेल, एवढेच. चुकून स्वीकारला गेला तर मात्र मोटर सुरू होईल. बाजारातले काही स्वस्त डबे चिपच्या कारखान्यातल्या मूळ सेटिंगवरच चालतात. ती सेटिंग एक्स्चेंजच्या घाईला बेतलेली असते, पंपाच्या नाही.

मोबाइलवरून आकडा जातो तेव्हा काय बदलते?

मोबाइलमध्ये बटण दाबल्यावर कानाला ऐकू येणारा सूर केवळ समाधानासाठी असतो. तो पुढे जातच नाही. फोन टॉवरकडे ‘१ दाबला’ आणि मग ‘१ सोडला’ असे निरोप पाठवतो आणि ६९७ अधिक १२०९ हा सूर कंपनीच्या यंत्रणेत तयार होतो. यामागे कारण आहे. मोबाइलमधला आवाज जसाच्या तसा जात नाही. माणसाचा घसा आणि तोंड आवाज कसा घडवतात याचा अंदाज बांधून, अगदी थोड्या माहितीत तो पाठवला जातो. दोन शुद्ध सूर हा घशातून निघणारा आवाज नाही, त्यामुळे या आवळण्यात तो बिघडू शकतो.

शेतकऱ्याच्या फोनपासून कंपनीपर्यंतचा प्रवास त्यामुळे सुरक्षित झाला. पण पुढचा, कंपनीपासून डब्यातल्या सिमपर्यंतचा रस्ता उरतोच. २जी जाळ्यात तिथे आकड्याचा निरोप जात नाही, सूर आवाज म्हणूनच जातो आणि तोही आवळून. गर्दीच्या वेळी टॉवर आवाज आणखी आवळतो. वर आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी येतो आणि रेंज खराब असेल तर मधले तुकडे गळतात. सलग सुरात एक भोक पडले की डब्याला वाटते, बटण एकदा सुटले आणि पुन्हा दाबले. एका ‘१’चे ‘११’ होते. चालू आणि बंद एकाच बटणावर असलेल्या डब्यात याचा अर्थ मोटर सुरू होऊन लगेच बंद पडणे. म्हणून चालूसाठी एक आणि बंदसाठी वेगळा आकडा हवा. मग ‘११’ ऐकले तरी काही बिघडत नाही.

अनेक डब्यांत ‘सिम ८००’ जातीचा २जी मॉड्यूल असतो आणि सूर ओळखण्याची सोय त्यातच असते. मेकॅनिकला ती एका आज्ञेने सुरू करता येते आणि आकडा आला की मॉड्यूल दुसरी ओळ देतो :

```
AT+DDET=1
+DTMF: 1
```

डबा संगणकाला जोडून या ओळी पाहिल्या, तर बिघाड ऐकण्यात आहे की पुढच्या रिलेत, हे पाच मिनिटांत कळते. ‘१’ची ओळ येते पण मोटर चालू होत नाही, तर दोष रिले, स्टार्टर किंवा फेजमध्ये शोधायचा. ओळच येत नसेल तर आवाजात. संगणक नसेल तर कीपॅडवरूनही अंदाज येतो. ३, ६ आणि ९ चालत नाहीत पण बाकीचे चालतात, तर या तिघांत समान असलेला १४७७चा सूर दुबळा येतो आहे. १, २, ३ एकदम बंद असतील तर ६९७ हरवला. सगळेच कधी चालतात, कधी नाही, तर आधी अँटेना पेटीबाहेर काढावा. लोखंडी पेटीत कोंबलेला अँटेना हे यामागचे नेहमीचे कारण.

आणखी एक अडचण डब्याच्या स्वतःच्या आवाजाची. ‘मोटर चालू करण्यासाठी…’ ही सूचना चालू असतानाच ‘१’ दाबला, तर सूचनेचा प्रतिध्वनी आणि सूर एकत्र येतात, एकूण आवाजातला सुराचा वाटा घटतो आणि आकडा नाकारला जातो. सूचना संपू द्यावी, मग बटण जरा दाबून धरावे आणि तेव्हा बोलू नये.

सूर ओळखला, पण माणूस?

सुरात दाबणाऱ्याची ओळख नसते. ‘१’ मालकाने दाबला काय किंवा दुसऱ्या कोणी, डब्याला तोच ६९७ अधिक १२०९ ऐकू येतो. म्हणून बहुतेक डब्यांत ठरावीक मोबाइल क्रमांक नोंदवायची सोय असते. ती अनेक ठिकाणी वापरलीच जात नाही, कारण घरातले चौघे-पाच जण आणि वाटेकरी वेगवेगळ्या फोनवरून मोटर चालवतात. मग डबा येईल तो फोन उचलतो. त्यात कर्जाच्या जाहिरातीचा, मागे संगीत असलेला ध्वनिमुद्रित फोनही आला. टॉक-ऑफसाठी याहून सोयीची परिस्थिती शोधून सापडणार नाही : मिनिटभर चालणारे संगीत आणि आकड्याची वाट पाहत बसलेले यंत्र.

उपाय अवघड नाहीत. नोंदवलेल्या क्रमांकांशिवाय फोन उचलायचाच नाही. चालू करण्यासाठी एका आकड्याऐवजी तीन-चार आकड्यांचा संकेत ठेवायचा, बंद करण्यासाठी मात्र एकच आकडा पुरे. एखाद्या गाण्यातून चुकून एक आकडा निघू शकतो, पण ठरलेले चार आकडे ठरलेल्या क्रमाने निघणे जवळजवळ अशक्य. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने मोबाइलवरून पंप चालवण्याची कल्पना पंधरा वर्षांपूर्वीच राज्यभर पोहोचवली. त्यातही फोन लावून संकेत दाबण्याचीच रीत होती. आणि दुरुस्तीसाठी विहिरीत उतरणाऱ्याने डब्यावर भरवसा न ठेवता मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. डब्याचा रिले कितीही शहाणा असला तरी तो दूरच्या आवाजावर चालतो.

‘९ दाबा’ म्हणणाऱ्या फसव्या फोनचे काय?

‘तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ असे ट्रायच्या नावाने येणारे फोन गेल्या काही वर्षांत अनेकांनी ऐकले आहेत. ९ दाबताच खाते रिकामे होते, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वर पाहिल्याप्रमाणे ९ म्हणजे ८५२ अधिक १४७७ हर्ट्झचा सूर. त्याने फोन हॅक होत नाही आणि बँकेला आदेशही जात नाही. समोरच्या यंत्राला एवढेच कळते की इथे माणूस आहे आणि तो ऐकतो आहे. मग फोन ठगाकडे जोडला जातो आणि खरी फसवणूक पुढच्या बोलण्यात होते. धोका वेगळा आहे : अशा फोनवर पिन किंवा कार्डाचा क्रमांक बटणांनी दाबला, तर ते सूर ध्वनिमुद्रित करून त्यांतून प्रत्येक आकडा पुन्हा काढता येतो. त्यासाठी वर सांगितलेला गर्ट्झेलचा हिशेबच पुरतो. साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘यूपीआय १२३ पे’मध्येही ध्वनिसूचनांवर चालणारा पर्याय आहे. तिथेही नियम तोच : क्रमांक आपण स्वतः लावलेला असेल तरच आकडे दाबावेत.

४जीमध्ये काय होईल?

४जीवरच्या कॉलमध्ये आकडा पुन्हा निरोप बनतो. आवाजाच्या पाकिटांसोबत ‘१, इतका वेळ’ अशी वेगळी पाकिटे जातात आणि पलीकडच्या बाजूला त्यांचे गरजेनुसार सुरात रूपांतर होते. शेतकऱ्याचा फोन ४जीवर आणि डबा २जीवर असेल, तर हे रूपांतर मधल्या यंत्रणेत होते. तिथे निरोप आणि सूर दोन्ही पुढे सुटले तर एक आकडा दोनदा पोहोचतो. हे ‘११’ रेंज उत्तम असतानाही येते, त्यावरून ते वेगळे ओळखता येते. जिओच्या जाळ्यात २जी नाही, त्यामुळे २जी मॉड्यूलच्या डब्यात ते सिम चालत नाही. नवा डबा घेताना मॉड्यूल ४जीचा आहे का, हे आधी विचारावे. आणि बसवल्यावर, मेन स्विच बंद ठेवून, त्याला फोन लावून दहा मिनिटे मोठ्याने गाणी ऐकवावीत. या दहा मिनिटांत रिलेचा एकदाही ‘टक’ असा आवाज आला, तर तो डबा दुकानदाराला परत करावा.